दृष्टीचा मेंदूंतील नकाशा

पुलाची शिरोली ओलांडून पुणें-बंगळूर रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे औद्योगिक वसाहत लागते. तेथील एखाद्या ओतकामाच्या कारखान्यांत सांचे भरणारा एक कारागीर क्षणभर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. एके दिवशीं सकाळीं उठल्यावर तो घरांत सांगतो कीं, डाव्या डोळ्यानें दिसेनासें झालें आहे. घरचीं माणसें त्याला चष्म्याच्या दुकानांत नेतात. तेथें डोळा तपासतात तों तो अगदीं स्वच्छ! बाहुली उजेडांत आकुंचन पावते, समोरचीं अक्षरें शेवटच्या ओळीपर्यंत वाचतां येतात. दुकानदार 'कांहीं नाहीं' म्हणून परत पाठवितो आणि दारांतून बाहेर पडतांना तोच कारागीर डाव्या हाताच्या चौकटीवर आदळतो.

डोळा निर्दोष आणि तरीहि निम्मे जग नाहींसें झालेलें, हें कोडें उलगडण्यास मनुष्यजातीला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत डोक्याच्या कवटींतील करड्या सालीचे निरनिराळे भाग निरनिराळीं कामें करतात हें मान्य होत चाललें होतें. १८६१ मध्यें पॅरिसच्या ब्रोकानें वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू तपासून कपाळामागच्या, म्हणजे ललाटखंडाच्या, खालच्या भागीं बिघाड दाखविला होता. परंतु दृष्टीचें स्थान कोणतें, याविषयीं विद्वानांचें भांडण चालूच राहिलें. लंडनचा फेरिअर माकडांवरील प्रयोगांवरून तें टाळूखालच्या खंडांत सांगे; बर्लिनचा मुंक म्हणे, तें अगदीं मागें, मानेच्या वरच्या बाजूस असलेल्या पश्चकपाल खंडांत आहे. मुंकचें म्हणणें खरें ठरलें. पुढें स्वीडनच्या हेन्शेन यानें त्या खंडाच्या आंतल्या अंगास असलेली एक आडवी खांच हीच दृष्टीची जागा, असें बरोबर ओळखलें. पण त्या खांचेंत काय कोठें आहे, तें मात्र त्यानें नेमकें उलटें मांडलें. दृष्टीचा मध्यबिंदु त्यानें खांचेच्या पुढच्या टोकाशीं नेऊन बसविला. थोर माणसाची चूकहि थोरच असते, आणि ती सुधारण्यास युद्धच व्हावें लागलें.

१९०४-०५ सालीं रशिया आणि जपान यांचें युद्ध झालें. रशियन शिपायांच्या हातीं त्या वेळीं ७.६२ मिलिमीटर व्यासाची गोळी उडविणारी नवी बंदूक होती. जुनी शिशाची जाड गोळी डोक्यांत शिरली म्हणजे हाड व मेंदू यांचा चुराडा करी आणि माणूस बहुधा जागींच मरे. ही नवी बारीक, कठीण आवरणाची व अति वेगवान गोळी मात्र एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें निघून जाई. तिच्यामागें राही तो एक अरुंद बोगदा, आणि कित्येकदां शिपाई जिवंत राही. अशा जखमी शिपायांना निवृत्तिवेतन किती द्यावें, हें ठरविण्यासाठीं त्यांची दृष्टि किती गेली हें मोजणें जपानी सरकारला जरूर होतें. हें काम तात्सुजी इनोये नांवाच्या एका तरुण नेत्रवैद्याकडे आलें.

हिशेबनिसाच्या या कामांतून त्यानें शास्त्र निर्माण केलें. इनोयेनें गोळीचें प्रवेशाचें व निर्गमाचें छिद्र कवटीवर नेमकें कोठें आहे, हें तिन्ही दिशांनीं मोजणारें एक यंत्र तयार केलें. गोळी सरळ रेषेंत गेली असें धरलें तर या दोन छिद्रांना जोडणारी रेषा मेंदूच्या कोणत्या भागांतून गेली, हें कागदावर काढतां येतें. दुसऱ्या बाजूस त्यानें प्रत्येक शिपायाच्या नजरेचें क्षेत्र मोजलें. म्हणजे समोरच्या एका ठिपक्याकडे डोळा स्थिर ठेवून वरखालीं, उजवीडावीकडे कोठवर दिसतें आणि कोठें दिसत नाहीं, याची आकृति काढली. मग एकोणतीस शिपायांच्या या दोन आकृति त्यानें एकमेकींशीं ताडून पाहिल्या. जेथें बोगदा, तेथचा जगाचा तुकडा नाहींसा झालेला. १९०९ मध्यें त्यानें हें सर्व जर्मन भाषेंत लिपझिग येथें छापलें.

हा नकाशा समजण्यासाठीं डोळ्यांपासून निघणाऱ्या तंतूंची वाट ठाऊक पाहिजे. लोकांची समजूत अशी असते कीं, डाव्या डोळ्याचें दिसणें उजव्या मेंदूंत जातें. तसें नाहीं. प्रत्येक डोळ्याचे नाकाकडील बाजूचे तंतु मधल्या चौकांत पलीकडे जातात, कानाकडील बाजूचे आपल्याच बाजूला राहतात. याचा परिणाम असा कीं, नजरेच्या डाव्या बाजूला जें जें आहे, तें दोन्ही डोळ्यांनीं पाहिलेलें, उजव्या मेंदूंत पोंचतें. आणि उजव्या बाजूचें डाव्या मेंदूंत. म्हणून उजवा पश्चकपाल खंड बिघडला तर डावा डोळा जात नाहीं. दोन्ही डोळ्यांतील डावी बाजू जाते. चौकाच्या अलीकडे बिघाड असेल तर एकच डोळा अधू होतो, पलीकडे असेल तर दोन्ही डोळ्यांत एकच बाजू. हा भेद ध्यानांत ठेवला कीं निम्में निदान झालें.

आतां त्या खांचेची रचना. जग तेथें उलटें पालटलेलें आहे. नजरेचा वरचा अर्धा भाग खांचेच्या खालच्या कांठावर आणि खालचा अर्धा भाग वरच्या कांठावर उतरतो. नजरेचा मध्य खांचेच्या अगदीं मागच्या टोकाला, आणि कडेचें, डोळ्याच्या कोपऱ्यांतून दिसणारें जग खांचेंत खोल पुढें. हेन्शेनच्या बरोबर उलट! शिवाय इनोयेच्या ध्यानांत आलें कीं, मध्याला मिळालेली जागा फार मोठी व कडेला मिळालेली फार लहान आहे.

इनोयेचा ग्रंथ पश्चिमेकडे फारसा कोणी वाचला नाहीं. पहिल्या महायुद्धांत गॉर्डन होम्स हा ब्रिटिश वैद्य फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत काम करीत असतां त्याच्यापुढें तसेच जखमी आले. खंदकांतून डोकें वर काढणाऱ्या शिपायाचें मस्तक उघडें राही आणि पुढें आलेलें बशीसारखें पोलादी शिरस्त्राणहि मानेवरचा भाग नीट झांकीत नसे. लिस्टर या नेत्रवैद्यासह होम्सनें १९१६ मध्यें व पुढें एकट्यानें १९१८ मध्यें आपले निष्कर्ष छापले. ते इनोयेशीं जुळले.

होम्सच्या रोग्यांत एक चमत्कार दिसे. नजरेचा खालचा भाग गेलेले शिपाई पुष्कळ, वरचा भाग गेलेले थोडे. याचा अर्थ गोळ्या खांचेच्या वरच्या कांठावरच जास्त बसत, असा नव्हे. खालच्या कांठाला लागणारी गोळी बहुधा लहान मेंदूला किंवा तेथील मोठ्या रक्तवाहिनीला फोडून जाई. तो शिपाई रुग्णालयापर्यंत पोंचतच नसे. वैद्याच्या वहींत फक्त वांचलेल्यांची नोंद होते. मेलेल्यांचा नकाशा कोरा राहतो. जखमांवरून मेंदूचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकानें हें ध्यानीं धरणें भाग आहे.

होम्सचेंहि मोजमाप एका बाबतींत चुकलें. १९९१ मध्यें अमेरिकेंतील हॉर्टन व हॉयट यांनीं चुंबकीय चित्रणानें रोग्यांचे मेंदू पाहिले, तेव्हां नजरेच्या मध्याला होम्सनें दिली होती त्याहूनहि पुष्कळ अधिक जागा निघाली. हात लांब करून दोन मुठी शेजारीं धराव्या. तेवढ्या क्षेत्रासाठीं दृष्टीच्या खांचेचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग खर्चीं पडतो. बाकी सारें आकाश, रस्ता, शेजारचीं माणसें उरलेल्या भागांत. सुईंत दोरा ओंवणें आणि वाचणें त्या दोन मुठींतच होतें, म्हणून हा पक्षपात निसर्गानें केला असावा.

परंतु पाहणें हें मागच्या खंडांतच संपत नाहीं, हेंहि होम्सच्याच शिपायांनीं दाखविलें. १९१८ च्या दुसऱ्या एका निबंधांत त्यानें असे जखमी वर्णिले आहेत कीं, ज्यांना वस्तु दिसे, तिचें नांव सांगतां येई, पण ती किती दूर आहे, कोणीकडे आहे हें कळत नसे. पेला उचलायला हात जाई तो भलतीकडेच. त्यांची जखम टाळूखालच्या पार्श्विक खंडांत, दोन्ही बाजूंस, होती. या खंडाचा उजवा भाग एकटा बिघडला तर आणखी विचित्र प्रकार होतो: डोळ्यांनीं डावी बाजू दिसत असूनहि ती मनांतून जाते. असा रोगी ताटांतल्या भाकरीचा उजवा अर्धा भाग खातो आणि 'भाकरी संपली' म्हणतो. दाढी उजव्याच गालाची करतो. मागचा खंड गेलेल्याला आपलें उणें समजतें, तो मान वळवून भरून काढतो. याला उणें आहे हेंच समजत नाहीं, म्हणून तो मान वळवीतच नाहीं.

कानशिलामागच्या शंखखंडांतून जाणारे कांहीं दृष्टितंतु पुढें वळसा घेऊन मग मागें जातात, हें अडॉल्फ मायर यानें १९०७ मध्यें दाखविलें. ते वरच्या क्षेत्राचे असल्यामुळें तेथील गांठीनें किंवा शस्त्रक्रियेनें विरुद्ध बाजूचा फक्त वरचा चतुर्थांश जातो. रोग्याला बऱ्याचदां पत्ताहि नसतो. याच खंडाच्या तळाशीं इजा झाली, विशेषतः उजवीकडे, तर नाक, डोळे, मिशा सर्व दिसतात आणि चेहरा मात्र कोणाचा तें ओळखत नाहीं. आवाज ऐकला कीं लगेच नांव आठवतें. ललाटखंडाचें काम नजर फिरविणें. एका बाजूच्या ललाटखंडाला मोठा झटका आला कीं दोन्ही डोळे बिघडलेल्या बाजूकडेच वळून राहतात. रशियन शास्त्रज्ञ लूरिआ व यार्बुस यांनीं त्याच खंडांत इजा झालेल्यांना चित्रें दाखवून डोळ्यांची हालचाल नोंदली. प्रश्न कोणताहि विचारा, डोळे तसेच वाटेल तिकडे भटकत. दिसतें सारें, पण काय पाहावें हें ठरत नाहीं.

आतां तो शिरोलीचा कारागीर. त्याच्यासमोर दोन हातांवर बसावें, आपल्या नाकाकडे पाहावयास सांगावें, आणि दोन्ही बाजूंस हात पसरून एकदां उजवें, एकदां डावें बोट हलवावें. मग त्याचा एक डोळा झांकून तेंच, व दुसरा झांकून तेंच. दोन्ही वेळां त्याच्या डाव्या बाजूचें बोट दिसलें नाहीं तर दोष डोळ्यांत नाहीं, उजव्या मेंदूंत आहे. मग त्याला कागदावरील लांब रेघेचा मध्य दाखवावयास सांगावें. मध्य फारच उजवीकडे दाखविला आणि चूक पटेना, तर टाळूखालच्या खंडाविषयीं संशय घ्यावा. वाचावयास दिलें तरी फरक कळतो. मराठी ओळ डावीकडून उजवीकडे जाते. डावी बाजू गेलेल्याला ओळीचा आरंभ सांपडत नाहीं, उजवी गेलेल्याला पुढचें अक्षर दिसत नाहीं आणि तो अडखळत एक एक शब्द लावतो.

दुखापत नसतां असें एकाएकीं झालें असेल तर मेंदूच्या मागच्या भागास रक्त नेणारी धमनी गुठळीनें बंद झाल्याचा संभव मोठा. गुठळी विरघळविणारें औषध लक्षणें सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. हात लुळा पडलेला नाहीं, तोंड वांकडें नाहीं, म्हणून हे तास चष्म्याच्या दुकानांत जातात. रोगी झोपेंतून उठला असेल तर आरंभ केव्हां झाला तेंच कळत नाहीं; म्हणून रात्रीं शेवटचें नीट केव्हां दिसत होतें, हें घरच्यांनीं वैद्याला आधीं सांगावें. आणि भरपाईचा प्रश्न आलाच तर इनोयेची अडचण पुन्हां उभी राहते: १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याचें परिशिष्ट एक डोळा गेला किंवा त्याची दृष्टि गेली याचा टक्का सांगत असे, पण या माणसाचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. त्याच्या दृष्टीच्या क्षेत्राची आकृति काढून ती कागदपत्रांस जोडली, तरच त्याचें काय गेलें तें कोणाला दिसेल.