मरी, गुंड्या आणि दगडू

सीमाभागातील घरांत हाका दोन भाषांत मारल्या जातात. आजोळ कानडी आणि घर मराठी, किंवा उलट, अशी कुटुंबे आपल्याकडे उदंड आहेत. मोठ्या माणसांची नावे अशा घरात बिनबोभाट नांदतात. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द तर आपण कानडीतून घेतले आणि विसरूनही गेलो. अडते ते लाडक्या नावांपाशी. नाव लिहिताना माणूस विचार करतो, लाड करताना कोण करणार?

कानडी आजी नातवाला जवळ बोलावते, ‘बा मरी!’ मराठी सुनेच्या अंगावर काटा येतो. मराठीत मरी म्हणजे पटकी, महामारी. गावाच्या वेशीबाहेर मरीआईचे ठाणे असते ते तिला गावात येऊ न देण्यासाठी. 1898 साली हुबळीत प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली. त्या पिढीच्या मराठी कानांना ही हाक कशी लागत असेल, याची कल्पना करावी. कानडीत मात्र ‘मरि’ म्हणजे पिल्लू. नायिमरि हे कुत्र्याचे पिल्लू, कुरिमरि हे कोकरू, आनेमरि हे हत्तीचे. रोपाच्या नव्या फुटव्यालाही मरि म्हणतात. मराठी आई ज्या मायेने ‘माझं पिल्लू ते’ म्हणते, त्याच मायेने कानडी आजी ‘मरी’ म्हणते. म्हणजे अर्थाचा अनुवाद केला तर कुठेच काही बिघडत नाही, बिघडते ते ध्वनीमुळे. या दोन शब्दांचे नातेही नाही. आपली मरी संस्कृत ‘मारी’वरून, मरणाच्या धातूपासून आलेली. कानडी ‘मरि’ अस्सल द्राविडी, आणि जुन्या कानडीत तिच्यातला ‘र’ही निराळा होता. त्याला स्वतंत्र अक्षर होते, ते पुढे वापरातून गेले. खुद्द कानडीतही देवी ‘मारि’ आणि पिल्लू ‘मरि’ यांच्यात एका काना-मात्रेचे अंतर आहे, आणि कानडी कान ते चोख पाळतो.

गुंड्याची गोष्ट याहून गमतीची. गुटगुटीत पोराला कानडीत लाडाने ‘गुंडा’ म्हणतात. ‘गुंडु’ म्हणजे गोल वस्तू, वाटोळा धोंडा, बंदुकीची गोळीसुद्धा. त्यावरून गुंडप्पा. कानडीतले थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा (1887–1975) याच नावाचे, आणि गुंडप्पा विश्वनाथची फलंदाजी आमच्या पिढीने रेडिओला कान लावून ऐकलेली. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला मात्र ‘आमचा गुंड्या’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर दंडेली करणारा इसम उभा राहतो. 1985 च्या कर्नाटकातील ज्या कायद्याला लोक गुंडा कायदा म्हणतात, तो या दुसऱ्या गुंडांसाठीच आहे. पण कानडी लेखणी तेथे दीर्घ ‘गूं’ लिहिते आणि आजीचा गुंडा ऱ्हस्वच ठेवते. देवनागरीत आपण दोघांना एकाच साच्यात घालतो, म्हणून आपला गोंधळ होतो.

वास्तविक गोलपणाचा हा अर्थ मराठीलाही परका नाही. सदऱ्याची गुंडी, पाण्याचा पितळी गुंड, सतरंजी गुंडाळणे, या सगळ्यांत तो आहेच. बेळगाव-कोल्हापूरकडच्या मराठी घरांत गुंडू, गुंडोपंत ही नावे पिढ्यान्पिढ्या चालत आली, आणि त्या नावांना कोणी हसल्याचे आमच्या भागात तरी ऐकिवात नाही. हसू येते ते घाट उतरून गेल्यावर.

आतापर्यंतचे घोटाळे अजाणता झालेले. पण नावांची एक तिसरी जात आहे, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात अपमान हा अपघात नसतो, तो मुद्दाम केलेला असतो. कल्लप्पा या नावाचा शब्दशः मराठी अनुवाद दगडू किंवा धोंडू. (कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘ल’चा ‘ळ’ केलात तर ‘कळ्ळ’, म्हणजे चोर होईल. अर्थात लोणी पळवणाऱ्या कृष्णाला कानडी आया लाडाने तेही म्हणतात.) तिप्पण्णा, तिप्पव्वा या नावांत ‘तिप्पे’ आहे, म्हणजे उकिरडा. आपल्याकडचा केरबा त्यांचाच सख्खा भाऊ, कारण त्याच्यात केर आहे. एरवी दोन भाषांतील लाडकी नावे अनुवादात विद्रूप होतात. येथे मात्र दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता तेच नाव काढले, कारण दोघींच्या घरांत दुःख एकच होते.

पाठोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलाला वाचवण्यासाठी आईबाप दैवाला फसवू पाहत. ते मूल सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचे, दुसऱ्या कोणी ते उचलायचे, आणि आईने मूठभर धान्य किंवा कोंडा देऊन ते ‘विकत’ घ्यायचे. भीक मागून मिळाले असे दाखवायचे तर भिकू. मुलगा असला तर नाकात नथ घालून त्याला मुलगी भासवायचे, म्हणून नथू. ज्या वस्तूला कोणी हात लावणार नाही तिचे नाव मुलाला दिले म्हणजे नजर लावणाराही त्याच्याकडे पाहणार नाही, असा हा हिशोब. सगळ्या घरात ज्याच्यावर जास्त जीव, त्यालाच सर्वांत हलके नाव.

आता यात एक अडचण आहे. दगडू नावाचा प्रत्येक जण अशा नवसाचा नसतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने हे नाव पुढच्या पिढ्यांत नुसते वारशानेही उतरते. कल्लप्पा हे कल्लेश्वराच्या भक्तीतूनही आलेले असू शकते. मग ओळखायचे कसे? नुसत्या नावावरून ते कळत नाही, भावंडांच्या क्रमावरून कळते. समजा, जुन्या कागदावर एका घरात थोरली मुलगी काशी आहे, मग सहा-सात वर्षे कोणीच नाही, आणि त्यानंतर दगडू. मधली रिकामी वर्षे बहुधा गेलेल्या मुलांची असतात. दगडूच्या पाठीवर पुन्हा रामचंद्र, विष्णू अशी देवांची नावे सुरू झाली, तर तर्क आणखी पक्का होतो. भीती ओसरली, मुले जगू लागली. याउलट त्याच घरात दोन पिढ्यांपूर्वी एक दगडू सापडला, तर हे नाव आजोबांचे समजावे. पटकीची साथ आणि दुष्काळ कोणत्या साली होते ते शेजारी मांडून पाहिले, तर रजिस्टराचा तो कोरा कागद पुष्कळ बोलू लागतो.

याच कसोटीवर एक नाव उलटे ठरते, नकुशी. वरवर तेही दगडूसारखेच दिसते. पण त्याच्या आधीचा क्रम पाहावा. तेथे गेलेल्या मुलांच्या रिकाम्या जागा नसतात, जिवंत मुली असतात, दोन, तीन, चार. येथे दैवाला फसवायचे नसते, त्याला सांगायचे असते की आता मुलगी नको. दगडूचा अनुवाद केला तर अपमान दिसतो आणि खाली माया निघते. नकुशीचा अनुवाद करावा तसाच अर्थ निघतो. दगडूला पत्रिकेतले एखादे देवाचे जन्मनाव बहुधा असेच, ते घरात झाकून ठेवलेले असे. नकुशीचे शाळेतल्या हजेरीपटावरही तेच नाव असे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये सरकारी समारंभ करून अशा पावणेतीनशेच्या वर मुलींना नवी नावे देण्यात आली. पुष्कळ मुलींनी आपापली नावे स्वतः निवडली, कोणी सिनेनट्यांची, कोणी देवींची.