अध्ययन रजा: पगार चालू राहतो, पण तीन वर्षांचा बाँड अर्धा पाळून चालत नाही

आपल्या भागातली बरीच पोरं-पोरी आता केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. कुणी पोस्टात, कुणी आयकर खात्यात, कुणी दिल्ली-मुंबईकडच्या केंद्रीय दवाखान्यात नर्स. चार-पाच वर्षं झाली की पुढं शिकायचा विचार डोक्यात येतो. नोकरी सोडायची नाही आणि पगारही बंद पडू द्यायचा नाही, यासाठी केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांत 'अध्ययन रजा' आहे. ती घेताना जो बाँड लिहून द्यावा लागतो, तो बहुतेक जण न वाचताच सही करतात. राजीनामा द्यायची वेळ आली की मग कागद शोधतात. म्हणून ही माहिती.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्राचे १९८१ चे रजा नियम लागू होतात आणि रेल्वेचे नियम वेगळे आहेत. खाली लिहिलेलं केंद्राच्या नियमांचं आहे, ते जसंच्या तसं तिकडं लावू नये.

रजा मिळायला नोकरीची किमान पाच वर्षं झालेली हवीत. शिक्षण आपल्या कामाशी थेट जोडलेलं हवं. म्हणजे नर्सला एम.एस्सी. नर्सिंगसाठी मिळू शकते, पण आवड म्हणून दुसरंच काही शिकायचं म्हटलं तर अवघड. शिवाय शिकून परत हजर झाल्यावर निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा जास्त काळ उरला पाहिजे. कारण उघड आहे, बाँडच तीन वर्षांचा असतो. रजा साधारणपणे एका वेळी १२ महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून २४ महिने. ही रजा आपल्या शिलकी रजेतून कापली जात नाही. हा काळ बढती आणि पेन्शनसाठी धरला जातो, वेतनवाढही बुडत नाही. पण लक्षात ठेवा, रजा हा काही हक्क नाही. मंजूर करायची की नाही, हे कार्यालयातलं काम बघून ठरतं.

आता पैशाचं. देशात शिकत असाल तर रजेवर जाण्याआधी जो पगार होता तेवढाच रजावेतन म्हणून मिळतो. त्यावर महागाई भत्ता आणि अटींनुसार घरभाडे भत्ता. बाकीचे भत्ते नाहीत. मात्र 'मला कुठली शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा अर्धवेळ कामाचे पैसे मिळत नाहीत' असा दाखला द्यावा लागतो. मिळत असतील तर तेवढी रक्कम रजावेतनातून वजा होते, पण रजावेतन अर्धपगारी रजेच्या रकमेपेक्षा खाली जात नाही. कॉलेजची फी मात्र साधारणपणे ज्याची त्यानेच भरायची असते. 'सरकार शिकवतंय' असं घरी सांगतात, पण सरकार पगार देतं, फी नाही. खास बाब म्हणून फी मंजूर होऊ शकते, त्यावर अवलंबून राहू नये.

बाँडमध्ये काय असतं? शिक्षण संपवून कामावर हजर झाल्यापासून तीन वर्षं सेवा करीन. न आल्यास, किंवा त्या तीन वर्षांत राजीनामा दिला, स्वेच्छेने निवृत्त झालो किंवा कसंही नोकरी सोडली, तर रजावेतन आणि सरकारने केलेला इतर खर्च परत करीन. दुसऱ्या कुठल्या संस्थेने शिक्षणाला पैसे दिले असतील तर तेही. मागणी केल्याच्या तारखेपासून सरकारी कर्जाच्या दराने व्याजही लागतं. नोकरीत कायम नसलेल्याला जामीनदार द्यावे लागतात, म्हणजे आपल्यासोबत सहकाऱ्याचीही मान अडकते.

एक हिशेब मांडून बघू. नाव नको, एक नर्स ताई धरा. सात वर्षांची नोकरी. पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ८०,००० रुपये. बाकीचं हिशेबासाठी सोडून देऊ, वाढही धरायची नाही. अभ्यासक्रमच दोन वर्षांचा, म्हणून २४ महिने रजा मंजूर झाली. दोन वर्षांत तिला मिळाले १९ लाख २० हजार. ती शिकून आली, हजर झाली, आणि दोन वर्षं अकरा महिन्यांनी एका खासगी दवाखान्यात दीडपट पगार मिळतोय म्हणून तिने राजीनामा ठेवला.

तिला वाटतं, छत्तीसपैकी पस्तीस महिने काम केलं, एका महिन्याचे भरू, म्हणजे साधारण ५३ हजार. इथंच फसगत होते. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते भरत गेलं की बाकी कमी होत जाते. इथं तसं नाही. नियमात केलेल्या सेवेच्या प्रमाणात सूट दिलेली नाही. तीन वर्षांच्या आत सोडलं की मागणी पूर्ण १९ लाख २० हजारांची निघू शकते, आणि ती भरल्याशिवाय राजीनामा मंजूर होत नाही. रक्कम कमी करायचा किंवा माफ करायचा अधिकार आहे, पण तो राष्ट्रपतींच्या नावाने सरकारकडे, जनहिताच्या कारणासाठी. आपल्या साहेबाच्या हातात नाही. त्या ताईने एक महिना थांबणं हाच स्वस्तातला मार्ग.

तीन वर्षं मोजायची ती परत हजर झाल्याच्या दिवसापासून. परीक्षेच्या किंवा निकालाच्या तारखेपासून नाही. शिक्षण संपल्यावर लागून अर्जित रजा घेतली तर मोजणी तेवढी पुढं जाते. हजर झाल्याच्या अहवालाची, शिक्का असलेली एक प्रत घरी ठेवाच.

दुसरी अडचण कमी जणांना माहीत असते. अभ्यासक्रम अर्धवट सोडून कामावर परत आलं तरी वसुली लागते, कारण पूर्ण केल्याचा दाखला देता येत नाही. शिक्षण पूर्ण करून आल्यावर वैद्यकीय कारणाने निवृत्ती मिळाली तर वसुलीतून सूट आहे, पण अभ्यासक्रम अपूर्ण राहिलेल्याला ती सूटसुद्धा नाही. मधेच लग्न, बाळंतपण, घरचं आजारपण दिसत असेल तर शिक्षण सोडण्याआधी कार्यालयाशी लेखी बोलून घ्यावं.

सुटकेची एक सरळ वाट आहे. दुसऱ्या सरकारी नोकरीत जायचं असेल तर अर्ज आपल्या कार्यालयामार्फत करा. असा अर्ज करून केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या खात्यात निवड झाली तर सहसा पैसे वसूल करत नाहीत. उरलेली सेवा नव्या ठिकाणी करीन, असा नवा बाँड घेतात. वरच्या ताईने खासगीऐवजी दुसऱ्या सरकारी दवाखान्यात असा अर्ज करून जागा मिळवली असती, तर एका महिन्याची बाकी तिकडं फेडता आली असती. लपून परीक्षा देऊन थेट राजीनामा ठेवणाऱ्याला हा फायदा मागता येत नाही.

खासगी संस्था आणि दवाखानेही आता असे बाँड घेतात. तिथं हा नियम चालत नाही, करारात लिहिलेलं चालतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे कागदावर मोठा आकडा असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि ती त्या आकड्याच्या वर जात नाही. पण बाँड म्हणजे नुसता कागद, असं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये असा बाँड वैध ठरवला. तो अध्ययन रजेचा नव्हता, भरतीचा होता, तरी पैसे भरावे लागले. खासगी करारात वर्षागणिक रक्कम कमी होते का, हे वाक्य आधी शोधा. नसेल तर सहीच्या आधी घालून घ्या, सहीनंतर कुणी घालत नाही.

सरकारी असो वा खासगी, राजीनामा टाइप करण्याआधी कार्यालयाला एक लेखी अर्ज द्या: माझा बाँड कोणत्या तारखेला संपतो, आणि आज सोडलं तर किती रक्कम निघते. उत्तर लेखीच घ्या.