डॉक्युमेंटरीचं निवेदन: चित्रात दिसतं ते पुन्हा सांगू नका

पुण्याच्या तांबट आळीत मी 12 सेकंदांचा एक शॉट घेतला होता. कारागीर तांब्याच्या हंड्यावर रांगेत ठोके मारतोय. घरी येऊन निवेदन लिहिलं: ‘कारागीर हातोडीने हंड्यावर एकेक ठोका मारत आहे.’ एडिटिंग करताना ऐकलं आणि कळलं, हे वाक्य काढलं तरी प्रेक्षकाचं काहीच अडत नाही. ते त्याला दिसतंच आहे.

मग मी कागदावर दोन रकाने केले. डावीकडे फ्रेममध्ये जे दिसतं ते, उजवीकडे निवेदन. उजवीकडचं जे डावीकडेही होतं ते खोडलं. उरलेल्या जागेसाठी स्वतःला विचारलं, कॅमेऱ्याला काय दिसत नाहीये? ठोके का मारायचे, हे दिसत नव्हतं. नवं निवेदन असं झालं:

‘भट्टीत तापवलं की तांबं मऊ पडतं. ठोक्याठोक्याने ते पुन्हा कडक होतं. नक्षी ही त्याचीच खूण.’

शॉट तोच, पण आता प्रेक्षक नक्षीकडे नुसती शोभा म्हणून बघत नाही. भांड्याची मजबुती त्याला डोळ्यांनी दिसते.

हे 15 शब्द आहेत. सावकाश वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे साडेसात सेकंद. उरलेले साडेचार सेकंद मी फक्त हातोडीचा आवाज ठेवला. आधी अर्थ आणि मग आवाज, असा क्रम ठेवला की तो ठोका वेगळा ऐकू येतो. उलट केलं तर शॉट संपत आल्यावर खुलासा येतो आणि बघायला वेळच उरत नाही.

यात एक धोकाही आहे. क्रिस मार्करच्या 1957 च्या ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’ मध्ये याकुत्स्क शहरातली तीच दृश्यं तीनदा दाखवली आहेत. एकदा सोव्हिएत राजवटीचं कौतुक करणारं निवेदन, एकदा टीका करणारं, एकदा तटस्थ राहू पाहणारं. चित्र तिन्ही वेळा निमूटपणे साथ देतं! म्हणून चित्राशी जुळलं एवढ्यावर निवेदन खरं मानू नका. तांबं कडक होतं हे मी कारागिराला विचारून, आणि ठोकण्याआधीचा व नंतरचा पत्रा हाताने वाकवून पाहून मगच लिहिलं.

तपासायची सोपी रीत अशी. निवेदन म्यूट करून शॉट बघा. काहीच हरवल्यासारखं वाटलं नाही, तर ते वाक्य काढा. अपवाद एकच: अंध प्रेक्षकांसाठीचं ऑडिओ डिस्क्रिप्शन. तिथे दिसतं ते सांगणं हेच काम असतं, पण त्यासाठी वेगळा ऑडिओ ट्रॅक करा.