स्पीड टेस्टला ३० एमबीपीएस, तरी गेम का अडकतो? पिंग आणि जिटर घरच्या घरी असे तपासा

रात्री नऊची वेळ. यूट्यूब झकास चालतंय, स्पीड टेस्ट ३० एमबीपीएस दाखवतेय, पण बीजीएमआय किंवा फ्री फायर सुरू केलं की समोरचा खेळाडू उड्या मारत पुढे सरकतो. गोळी आधी आपण झाडलेली असते आणि मरतो आपणच. मग अनेक जण मोठा रिचार्ज मारतात, कोणी नवा ५जी फोन घ्यायला निघतो. खर्च करण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते तपासा. पैसे न घालता दहा-पंधरा मिनिटांत ते कळू शकतं.

गेमला डेटा लागतोच किती?

फारच थोडा. अशा गेममध्ये तासाला १०० एमबी खर्च झाले असं धरलं, तरी त्याला ०.२५ एमबीपीएसपेक्षाही कमी स्पीड लागतो. म्हणजे ५ एमबीपीएस मिळत असतील तरी ते गरजेच्या वीसपट आहेत. ते ३० किंवा १०० झाले म्हणून गेम सुधारत नाही. (नवीन मॅप किंवा अपडेट डाउनलोड करताना मात्र स्पीड लागतो, ते वेगळं.)

गेमला लागतो तो वेळेवर जाणारा आणि वेळेवर येणारा छोटा निरोप. तुम्ही बटण दाबलं की फोनमधून लहानसं पाकीट निघतं, टॉवरमार्गे गेमच्या सर्व्हरला जातं आणि उत्तर परत येतं. या जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेला लेटन्सी किंवा पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत मोजतात. १,००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद. हा वेळ दर वेळी सारखा न राहता कमी-जास्त होतो, त्याला जिटर म्हणतात.

एसटीचं उदाहरण घ्या. गाडीत किती सीट आहेत तो झाला स्पीड. तालुक्याला पोचायला किती वेळ लागतो ती लेटन्सी. आणि गाडी कधी वेळेवर, कधी पाऊण तास उशिरा येते तो जिटर. रोज ठरलेली दहा मिनिटं उशिरा येणारी गाडी असेल तर माणूस त्या हिशोबानं निघतो. कधी येईल याचा भरवसाच नसेल, तर गाडी ५० सीटची असून काय उपयोग?

यूट्यूब चालतं, मग गेम का नाही?

व्हिडिओ तयार असतो. फोन पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये नेट अर्धा सेकंद थांबलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गेममध्ये पुढच्या सेकंदाला काय होणार ते अजून घडलेलंच नसतं, त्यामुळे साठवून ठेवायला काही नसतं. पाकीट उशिरा आलं की गेम समोरच्याची जागा अंदाजानं दाखवतो आणि खरी माहिती आली की त्याला एकदम तिकडे हलवतो. उड्या दिसतात त्या यामुळे.

दोन वेळच्या आकड्यांचा हिशोब

समजा, एका गावात एकाच फोनवरून, एकाच खोलीतून दोनदा दहा-दहा पिंग घेतले. पहाटेचे आकडे असे आले: ४८, ५२, ५०, ५५, ४९, ५१, ५३, ५०, ५४, ४८. सरासरी ५१. आता शेजारशेजारच्या दोन आकड्यांतला फरक काढा: ४, २, ५, ६ असं करत. सगळ्या नऊ फरकांची सरासरी येते जेमतेम ४. हा झाला जिटर. गेम लोण्यासारखा चालेल.

रात्री नऊचे आकडे: ४६, ५८, १९०, ६२, २४०, ५५, ५१, १७५, ६०, ५३. सरासरी ९९, पण जिटर ९८. यातली गंमत बघा. दहापैकी सात पिंग ६५ च्या आतच आहेत. घोळ घातला तो तीन उसळ्यांनी. पिंग सतत ९९ राहिला असता तरी हाताला सवय झाली असती, खेळता आलं असतं. अचानक २४० झाला की सवयीचा उपयोग होत नाही.

म्हणून नुसती सरासरी बघू नका. साधारणपणे पिंग ६० च्या आत आणि जिटर १० च्या आत असेल तर उत्तम. जिटर ३० च्या वर गेला की झटके जाणवायला लागतात.

तपासायचं कसं?

प्ले स्टोअरवरचं कोणतंही साधं पिंग ॲप चालेल. त्यात `8.8.8.8` हा पत्ता टाका. टर्मक्स वापरता येत असेल तर ही एक ओळ पुरे:

```
ping -c 20 8.8.8.8
```

पहिला आकडा सोडून द्या. काही सेकंद वापर नसला की फोनचा रेडिओ डुलकी घेतो आणि त्याला जागं व्हायला वेळ लागतो. हा पत्ता गूगलचा आहे, गेमच्या सर्व्हरचा नाही. तरी तुमच्या फोनपासून कंपनीच्या नेटवर्कपर्यंतची वाट कशी आहे ते त्यावरून कळतं. गेमच्या सर्व्हरचा पिंग गेममध्येच स्क्रीनवर दिसतो. `8.8.8.8` चा पिंग स्थिर आणि गेममधला मात्र खराब असेल, तर आधी गेममध्ये निवडलेला सर्व्हर बघा. मुंबईऐवजी सिंगापूरचा सर्व्हर असेल तर अंतरच साधारण ३,९०० किलोमीटर होतं. फायबरमधून सिग्नल एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद वाढणारच. याच हिशोबानं ४०० किलोमीटरवरच्या गावाला मुंबईसाठी फक्त ४ मिलिसेकंद जास्त लागतात. म्हणजे मुंबई लांब आहे म्हणून गेम अडकत नाही. अडचण बहुतेक वेळा फोन आणि टॉवर यांच्यामध्ये असते.

कारण कोणतं, ते असं ओळखा

*पहिलं: तुमच्याच फोनची रांग.* हे सर्रास आढळतं आणि फुकटात सुधारतं. गेम चालू असताना मागे फोटोंचा बॅकअप चढत असेल, कोणी तुमच्या हॉटस्पॉटवरून लग्नाचा व्हिडिओ पाठवत असेल, तर गेमचं छोटं पाकीट त्या मोठ्या फाइलच्या मागे रांगेत उभं राहतं. गावाकडे अपलोड बहुधा कमजोर असतो, त्यामुळे रांग लगेच लांबते. खात्री करायला ब्राउझरमध्ये `fast.com` उघडा आणि टेस्ट झाल्यावर `Show more info` दाबा. `Unloaded` म्हणजे नेट रिकामं असतानाचा पिंग, `Loaded` म्हणजे भरलेलं असतानाचा. पहिला ५० आणि दुसरा ४०० असेल, तर रोग सापडला. ही टेस्ट डेटा खाते, चांगल्या नेटवर एका वेळेला १००-२०० एमबीसुद्धा. १.५ जीबीचा रोजचा पॅक असेल तर एकदाच करा. उपाय सोपा: खेळताना हॉटस्पॉट बंद, आणि बॅकअप फक्त वायफायवर.

*दुसरं: कमजोर रेंज.* काड्यांवर जाऊ नका, आकडा बघा. फोनच्या सेटिंगमध्ये `About phone` मध्ये `SIM status` असतं, तिथे सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. हा आकडा उणे असतो. उणे ९० च्या आसपास चांगला, उणे ११० म्हणजे कमजोर, उणे ११५ च्या पलीकडे कठीण. टॉवर मोठ्या ताकदीनं बोलतो, पण फोनची ताकद साधारण पाव वॅटहूनही कमी. म्हणून डाउनलोड ठीक दिसतं आणि वर जाणारं पाकीट मात्र बिघडतं. ४जीत बिघडलेलं पाकीट पुन्हा पाठवायला दर खेपेला साधारण ८ मिलिसेकंद जातात. अशा खेपा वाढल्या की जिटर वाढतो. पत्र्याच्या घरात किंवा जाड भिंतींच्या खोलीत बसून घेतलेले वीस पिंग आणि टॉवरच्या बाजूच्या ओसरीवर किंवा गच्चीवर घेतलेले वीस पिंग ताडून बघा. फरक पडला तर जागा बदलणं हाच इलाज.

*तिसरं: ४जी-५जीची ये-जा.* ५जीची रेंज गावाच्या कडेपर्यंतच येत असेल, तर फोन सारखा इकडून तिकडे उडी मारतो आणि प्रत्येक उडीला पिंग उसळतो. वर ५जीचं चिन्ह येतं-जातं का बघा. तसं असेल तर `Preferred network type` मध्ये ४जी निवडून पुन्हा मोजा. स्पीड कमी दिसेल, पण पिंग स्थिर होईल. अशा गावात ५जी फोनवर पैसे घालून गेम सुधारणार नाही.

*चौथं: टॉवरवरची गर्दी.* पहाटे सगळं छान आणि रात्री आठ ते अकरा बेकार, जागा तीच, सिग्नल तोच, मागे काही चालू नाही. मग टॉवर भरलेला आहे. ४जीत काही पाठवण्यासाठी फोनला टॉवरकडे आधी पाळी मागावी लागते. गर्दीत ती उशिरा मिळते. याला फोनमधल्या कुठल्याच सेटिंगचा इलाज नाही. पिंग कमी करून देतो म्हणणारी पैसेवाली ॲप्सही इथे चालत नाहीत, कारण ती टॉवरच्या पुढचा रस्ता बदलतात आणि तुमची रांग टॉवरच्या अलीकडे आहे.

टॉवरच भरला असेल तर

मोठा रिचार्ज मारून पाळी लवकर येत नाही. त्याऐवजी शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम त्याच वेळी, त्याच जागी तुमच्या फोनमध्ये घालून वीस पिंग घ्या. असं तीन रात्री करा. तिन्ही वेळा जिटर स्पष्ट कमी आला तरच पोर्ट करा. त्यासाठी `PORT` लिहून एक जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस पाठवायचा. दोन्ही कंपन्यांचे आकडे सारखेच खराब असतील, तर पोर्ट करून फायदा नाही.

तक्रार करायची तर १९८ वर फोन करून तक्रार क्रमांक मागून घ्या. 'नेट स्लो आहे' एवढंच सांगितलं तर स्पीड टेस्ट घ्यायला लावतात आणि ती पास होते. त्याऐवजी तारीख, वेळ, सिग्नलचा डीबीएम आणि पहाटेचा व रात्रीचा पिंग सांगा. स्क्रीनशॉट जपून ठेवा. ट्रायच्या २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमांत लेटन्सीलाही मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे तक्रार नुसत्या स्पीडपुरती ठेवायची गरज नाही. दाद मिळाली नाही, तर त्याच तक्रार क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.