नंदुरबारच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवायचंय? आधी छप्पर कसलं आहे ते पाहा

नंदुरबार, शहादा, तळोदा भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पण स्लॅबच्या आणि पत्र्याच्या घरातला उकाडा सारखा नसतो, त्यामुळे उपायही वेगळे आहेत.

स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि साठलेली उष्णता संध्याकाळनंतर खाली सोडतो. रात्री आठ-नऊ वाजता छताला आतून हात लावून पाहा. बाहेर वारा सुटलेला असूनही छत कोमट लागलं, तर उकाडा स्लॅबमधून येतोय. अशा वेळी पंखा तीच गरम हवा फिरवतो.

ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परतवायचं असेल, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चुना. 20 बाय 15 फुटांच्या गच्चीला तीन पातळ हात द्यायला साधारण 10 किलो कळीचा चुना पुरतो. तो लोखंडी पिंपात, 50 लिटर पाण्यात थोडा थोडा टाकून रात्रभर विरू द्या. चुना विरताना पाणी उकळतं, म्हणून प्लास्टिकची बादली नको, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. सकाळी चुना नीट ढवळून गाळा आणि त्यात थोडा डिंक मिसळा. गच्ची घासून, ओली करून संध्याकाळी हात द्या. तापलेल्या स्लॅबवर चुना झटकन वाळतो आणि त्याची भुकटी होते. वाळल्यावर बोट फिरवून पाहा: भरपूर पांढरी पूड निघाली, तर थर धरलेला नाही. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, धुळीने मळतो. त्यामुळे हे काम दर मार्चला करावं लागतं. अहमदाबाद महापालिकेनेही 2017 मध्ये गरीब वस्त्यांमधली छपरं चुन्याने पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला होता. पांढऱ्या छपरामुळे घरात साधारण 2 ते 5 अंशांचा फरक पडतो. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, शिवाय ओला चुना जस्ताचा थर खातो. त्यावर छपरासाठीचा पांढरा रंगच लावावा. पत्रा लगेच तापतो, लगेच निवतो. खरा त्रास दुपारी वरून लागणाऱ्या झळीचा. म्हणून पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या अर्धा फूट अंतर सोडून बांधा. ही पोकळी दोन्ही टोकांना उघडी हवी, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडते. थर्माकोल हलका, स्वस्त, पण चुलीजवळ तो लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. तट्ट्यासुद्धा चुलीपासून लांबच ठेवा.

भिंतींमध्ये आधी पश्चिमेची भिंत पाहा, कारण दुपारचं तिरपं ऊन तीच सोसते. तिच्यापासून हातभर अंतरावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड उभा केला, तर भिंत बरीच कमी तापते. आतून पत्रे-फळ्या ठोकण्यापेक्षा बाहेरची ही सावली जास्त कामाची. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या जुन्या घरांच्या कुडाला शेणमातीचा लेप असतो. असा लेप असेल, तर तो काढून सिमेंट लावण्याची घाई करू नका.