किफायतशीर आदेश-परिमाण
माल मागविण्याचा आणि तो कोठारात सांभाळण्याचा वार्षिक खर्च मिळून ज्या परिमाणास किमान होतो, ते परिमाण. याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले. वर्षास ३,६०० नग लागणाऱ्या कारखान्यास दर आदेशामागे २०० रुपये व एक नग वर्षभर साठविण्यास ४ रुपये पडत असतील, तर गरज व आदेशखर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट साठवणखर्चाने भागून येणाऱ्या ३,६०,००० चे वर्गमूळ, म्हणजे ६०० नग, हे इष्ट परिमाण होय. सहा आदेशांचे १,२०० रुपये आणि सरासरी ३०० नगांच्या शिलकेचेही तितकेच, असे दोन्ही खर्च येथे समसमान होतात. दुप्पट माल मागविला तरी खर्च २,४०० वरून ३,००० वरच जातो, तेव्हा अंदाजातील किरकोळ चूक फारशी बाधत नाही. खप अनियमित असल्यास मात्र हे गणित डळमळते.