तुलनात्मक लाभ : दोन गावकऱ्यांची गोष्ट

प्रत्येकाने तुलनेने कमी त्याग करून बनणारी वस्तू बनवावी आणि बाकीची अदलाबदलीने मिळवावी, या तत्त्वाला तुलनात्मक लाभ म्हणतात. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन ते मांडले. हे तत्त्व एका गावातही दिसते.

गंगा एका तासात टोपली विणते, दोन तासांत केरसुणी बांधते. भिवाला दोन्हींना चार-चार तास लागतात. बारा तासांत गंगा ६ टोपल्या आणि ३ केरसुण्या करते, तर भिवा २ टोपल्या आणि १ केरसुणी. गंगा दोन्ही कामांत सरस असल्याने तिला भिवाची गरज नाही असे वाटते; इथेच बहुतेक जण फसतात. एका केरसुणीपायी गंगाच्या दोन टोपल्या बुडतात, भिवाची एकच. म्हणजे केरसुणी भिवाकडे स्वस्त पडते.

भिवा फक्त केरसुण्या बांधतो : ३. गंगा एक केरसुणी बांधून उरलेल्या वेळात १० टोपल्या विणते. मग भिवा २ केरसुण्या देऊन ३ टोपल्या घेतो. गंगाकडे आता ७ टोपल्या आणि ३ केरसुण्या, भिवाकडे ३ टोपल्या आणि १ केरसुणी. कष्ट तेवढेच, पण दोघांनाही एकेक टोपली जास्त मिळते.

केरसुणीचा भाव एक ते दोन टोपल्यांच्या दरम्यान असेल तरच दोघांचा फायदा होतो. भिवाला केरसुणीसाठी आठ तास लागले असते, तर दोघांचा त्याग सारखाच ठरून या अदलाबदलीतून काहीच हाती लागले नसते.